टेल्मिसार्टन कधी सोडायची, ॲस्पिरिन कधी धरायची

प्रश्न: डॉक्टर, मी डिचोलीची, वय 33. चार वर्षांपूर्वी बीपी 150/96 निघालं. तेव्हापासून टेल्मिसार्टन 40 आणि अमलोडिपिन 5 अशी एकत्र गोळी रोज सकाळी घेते. घरी बीपी 126/80 च्या आसपास असतं. आता आम्हाला मूल हवंय. पाळी 35 ते 40 दिवसांनी येते. लहानपणी दमा होता, पावसाळ्यात अजूनही कधीतरी पंप लागतो. सासूबाई म्हणतात, दिवस राहिले की बीपीच्या गोळ्या बंद करायच्या. मावसबहिणीला आठव्या महिन्यात बीपी वाढून झटके आले होते, म्हणून भीती वाटते. ॲस्पिरिन घेतली की तसं होत नाही असं ऐकलं. ती आत्ताच सुरू करू का?

उत्तर:

ॲस्पिरिन आत्ता नको. तिची वेळ दिवस राहिल्यावर बाराव्या आठवड्यात येईल. आत्ता टेल्मिसार्टन सोडून गरोदरपणात चालणाऱ्या गोळीवर जायचं आहे आणि त्या गोळीवर बीपी स्थिर झालेलं बघायचं आहे. हे सगळं दिवस राहण्याआधी व्हायला हवं. तोवर सध्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि गर्भधारणा टाळा.

टेल्मिसार्टन का सोडायची ते आधी सांगते. चौथ्या महिन्यानंतर बाळाभोवतीचं गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीतून तयार होतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन ही ‘सार्टन’ मंडळी आणि एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही ‘प्रिल’ मंडळी बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावतात. मग गर्भजल कमी होतं, त्यामुळे फुप्फुसं नीट वाढत नाहीत, कवटीची हाडं कच्ची राहू शकतात आणि जन्मल्यावर बाळाला लघवीच होत नाही अशी वेळ येऊ शकते. हे नुकसान दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतलं आहे. पहिल्या तीन महिन्यांबद्दल 2006 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने हृदय आणि मेंदूतल्या जन्मजात दोषांची भीती दाखवली होती. पुढे आईचं बीपी, साखर, वजन हेही हिशेबात धरून मोठे अभ्यास झाले, तेव्हा ती भीती बरीच कमी झाली. म्हणून गोळी चालू असताना चुकून दिवस राहिले, तर एवढ्याच कारणासाठी गर्भपात करायचा नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठायचं, गोळी बदलून घ्यायची आणि अठरा ते वीस आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी चुकवायची नाही. ‘आता मूल ठेवता येणार नाही’ असं कुणीतरी सांगितल्यामुळे हवंहवंसं गरोदरपण संपवून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून हे ठासून सांगते.

मग दिवस राहिल्यावरच गोळी बदलली तर? तुमच्या बाबतीत मला ते पटत नाही. तुमची पाळी चाळीस दिवसांवर जाते. ती चुकली आहे की नेहमीसारखी लांबली आहे, हे कळेपर्यंत दीड-दोन महिने निघून जातील. तेव्हा उलट्या सुरू झालेल्या असतील, नवी गोळी पोटात टिकेल याची खात्री नसेल आणि डोस बसवण्यात दोन-तीन आठवडे जातील. नेमक्या त्याच काळात वार गर्भाशयात रुजत असते. त्या आठवड्यांत बीपी वरखाली होण्यापेक्षा आजच, सगळं शांत असताना बदल केलेला बरा.

सासूबाई सांगतात ते त्यांच्या काळात डॉक्टरच सांगत असत. थोडं वाढलेलं बीपी गोळ्यांनी खाली आणलं तर वारेकडे रक्त कमी जाईल आणि बाळ लहान राहील, या भीतीने 160 च्या आतलं बीपी तसंच सोडलं जाई. 2022 मध्ये अमेरिकेतल्या ‘चॅप’ या मोठ्या चाचणीने हा प्रश्न बराचसा सोडवला. आधीपासून बीपी असलेल्या सुमारे 2400 गरोदर स्त्रियांपैकी अर्ध्यांचं बीपी 140/90 च्या आत ठेवलं. उरलेल्यांना बीपी फारच वाढलं तरच औषध दिलं. प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणाच्या उत्तरार्धात बीपी चढून मूत्रपिंड, लिव्हर, मेंदू यांवर परिणाम होणं. गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया, पस्तीस आठवड्यांच्या आत करावं लागलेलं बाळंतपण, वार अकाली सुटणं किंवा बाळ दगावणं, यांतलं काहीतरी औषध न घेणाऱ्यांत शंभरातल्या 37 जणींना झालं आणि घेणाऱ्यांत 30 जणींना. वजन कमी असलेल्या बाळांचं प्रमाण मात्र वाढलं नाही. सासूबाईंना हे सांगा, किंवा पुढच्या वेळी त्यांनाच सोबत आणा.

आता कोणती गोळी? गरोदरपणात बीपीसाठी प्रामुख्याने तीन औषधं वापरतात: लॅबेटालॉल, दीर्घकाळ काम करणारी निफेडिपिन आणि मिथाइलडोपा. बहुतेक डॉक्टरांचा हात आधी लॅबेटालॉलकडे जातो. तुम्हाला ती चालणार नाही. ती बीटा ब्लॉकर आहे आणि दम्यात श्वासनलिका आवळू शकते. दमा लहानपणीच संपला असता तर विचार करता आला असता, पण पावसाळ्यात आजही पंप लागतो म्हणजे तो आहेच. गोव्याच्या पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, तेव्हा तो डोकं वर काढतो. बीपीच्या तपासणीत दम्याबद्दल विचारायचं राहून जातं, म्हणून कुठल्याही दवाखान्यात बसल्या बसल्या तुम्हीच सांगा: ‘मला दमा आहे, लॅबेटालॉल लिहू नका.’

तुमच्यासाठी निफेडिपिन योग्य वाटते. ती अमलोडिपिनच्याच कुटुंबातली आहे आणि अमलोडिपिन तुम्हाला चार वर्षं सोसली आहे, त्यामुळे हीही सोसेल असा अंदाज बांधता येतो. नुसती अमलोडिपिन चालू ठेवणारे डॉक्टरही आहेत आणि ते चूक करत नाहीत. मी निफेडिपिन निवडते, कारण गरोदरपणातला तिचा अनुभव कितीतरी मोठा आहे. दोन्ही मात्र एकत्र घ्यायच्या नाहीत. तुमची एकत्र गोळी घरात उरलेली असते आणि कुणी निफेडिपिन वेगळी लिहिली की बायका दोन्ही घेत राहतात. त्यात अमलोडिपिन आणि निफेडिपिनचा दुहेरी मारा होतो आणि टेल्मिसार्टन सुटलेली नसते ती नसतेच. स्ट्रिपच्या पुढच्या बाजूला कंपनीचं नाव ठळक असतं. मागे बारीक अक्षरात गोळीत काय काय आहे ते लिहिलेलं असतं, तेच वाचायचं.

बदल असा करतात. ठरलेल्या दिवशी एकत्र गोळी बंद. त्याऐवजी सकाळी निफेडिपिन 30 मिलिग्रॅम, चोवीस तास पुरणारी, दिवसातून एकदा. स्ट्रिपवर ‘एक्सएल’ असं लिहिलेलं हवं. रिटार्ड प्रकार दिवसातून दोनदा घ्यावा लागतो आणि त्याचा डोस वेगळा असतो, म्हणून फार्मसीत ‘तेच आहे’ म्हणून बदलून दिलं तर घेऊ नका. साधी, झटकन विरघळणारी निफेडिपिन कॅप्सूल रोजच्या उपचारासाठी नाही. तिने बीपी धाडकन खाली येतं. दीर्घकाळाची गोळी तोडायची नाही, चावायची नाही, अख्खी गिळायची.

पहिले तीन-चार दिवस बीपी छान दिसेल. त्यावर विश्वास ठेवू नका. अमलोडिपिन शरीरातून हळूहळू, आठवडाभर रेंगाळत जाते, टेल्मिसार्टनचा परिणामही लगेच ओसरत नाही. नव्या गोळीची खरी परीक्षा दुसऱ्या आठवड्यात होते. म्हणून मी दहाव्या ते सतराव्या दिवसांचं बीपी मागते. सकाळी गोळीआधी आणि रात्री जेवणाआधी, लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीला ठेवायचा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि सगळे आकडे लिहायचे. चांगला वाटणारा आकडाच लिहायचा, असं करू नका. मनगटाचं यंत्र नको, दंडाचंच हवं, आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. ती 135/85 च्या आत आली तर 30 पुरेशी. वर गेली तर 60 वर न्यायचं किंवा मिथाइलडोपा 250 दिवसातून दोन-तीन वेळा जोडायची आणि पुन्हा दोन आठवडे थांबून बघायचं. मिथाइलडोपाने झोप येते, काहींचं मन उदास होतं. तुम्ही शिफ्टमध्ये काम करत असाल किंवा रोज स्कूटर चालवत असाल तर ते आधी सांगा.

गोळी बदलल्यावर चार ते सहा आठवड्यांनी रक्त-लघवीच्या तपासण्या करायच्या. त्या आत्ताच उरकून टाकू नका, कारण टेल्मिसार्टन दोन गोष्टी झाकून ठेवते. ती लघवीतून जाणारं प्रोटीन कमी करते. मूत्रपिंडात आधीच थोडी गळती असेल तर ती गोळी चालू असताना दिसणार नाही, गोळी सुटल्यावर दिसेल. ते आधी माहीत नसेल तर सहाव्या-सातव्या महिन्यात लघवीत प्रोटीन आलं की ते जुनं की नवं, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया सुरू झाला की नाही, हे कुणालाच ठरवता येत नाही. दुसरं, टेल्मिसार्टन रक्तातलं पोटॅशियम वर ढकलते. तरुण वयातल्या बीपीचं एक कारण अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त असणं हे असतं, आणि पोटॅशियम कमी असणं ही त्याची एक खूण. गोळी चालू असताना ती खूण पुसली जाऊ शकते.

तुमचं बीपी एकोणतिसाव्या वर्षी निघालं. एवढ्या लवकर निघालेल्या बीपीमागे कारण आहे का हे एकदा शोधलंच पाहिजे आणि शोधण्याची सोयीची वेळ गरोदरपणाआधीची. दोन्ही दंडांत आणि एकदा पायात बीपी मोजायचं. आपल्याकडच्या तरुण स्त्रियांत ताकायासू नावाचा मोठ्या रक्तवाहिन्यांचा आजार सापडतो, त्यात दोन हातांच्या बीपीत मोठा फरक पडतो. मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि त्याच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन प्रमाण, साखर, थायरॉइड, प्लेटलेट, लिव्हरच्या तपासण्या, ईसीजी आणि चार वर्षांचं बीपी आहे म्हणून एक टूडी इको. रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. गरोदरपणात क्रिएटिनिन खाली येतं, त्यामुळे लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापलेला 1.0 हा आकडा तेव्हा नॉर्मल नसतो. तुमचा आधीचा आकडा हाती असेल तर ते कोणाच्याही लक्षात येतं. लघवीत प्रोटीन बरंच निघालं, तर मात्र हा सगळा आराखडा थांबवून आधी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी बोलावं लागेल, कारण टेल्मिसार्टनचं काम तिथे निव्वळ बीपीपुरतं नसतं.

या दोन-तीन महिन्यांत दिवस राहू नयेत म्हणून निरोध वापरा. पाळी नियमित करण्यासाठी किंवा गर्भधारणा टाळण्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या कुणी दिल्या तर घेऊ नका, त्यांनी बीपी वाढतं. पीसीओएससाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर तीही बंद व्हायला हवी. फोलिक ॲसिड मात्र आजपासून सुरू करा. बहुतेक स्त्रियांना 400 मायक्रोग्रॅम पुरतं, साखर निघाली किंवा आधी बाळाच्या मणक्याचा दोष झाला असेल तर 5 मिलिग्रॅम लागतं. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमधाचा काढा घेत असाल तर थांबवा, ज्येष्ठमधाने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. सर्दीच्या फिनाइलेफ्रिन असलेल्या गोळ्याही टाळा. मिठाचं मी सगळ्यांना सांगते तेच तुम्हालाही: पावसाळ्याच्या पुरुमेंतातली सुकी मासळी, पारा, लोणची, पापड यांवरच हात आखडता घ्या. ताज्या माशाची हुमण-भाकरी खुशाल खा.

बीपी जमलं, तपासण्या झाल्या की दिवस राहण्याची वाट बघायला हरकत नाही. पाळी अनियमित म्हणून पस्तिसाव्या दिवसानंतर दर आठवड्याला घरी चाचणी करा. चाचणी पॉझिटिव्ह आली की सात ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान पहिली सोनोग्राफी. ही तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. पाळीच्या तारखेवरून मोजलं तर तुमचे आठवडे एक-दीड आठवड्याने पुढे दिसतील आणि ॲस्पिरिन, बाळाची वाढ, बाळंतपणाची तारीख सगळंच चुकेल. आठवडे सोनोग्राफीतल्या बाळाच्या लांबीवरूनच मोजायचे.

आता ॲस्पिरिन. ती बीपीची गोळी नाही, तिने तुमचा आकडा एकाही अंकाने उतरणार नाही. गर्भाशयातल्या बारीक, पीळदार धमन्या गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात रुंद आणि सैल होतात, म्हणजे वारेकडे भरपूर रक्त जाऊ शकतं. प्रीएक्लॅम्प्सियात हे रुंदावणं अर्धवट राहतं, वारेतून आईच्या रक्तात त्रासदायक द्रव्यं मिसळतात आणि महिन्यांनंतर बीपी, मूत्रपिंड, लिव्हर, मेंदू यांवर परिणाम दिसतो. कमी डोसची ॲस्पिरिन रक्तवाहिन्या आवळणारं आणि प्लेटलेट चिकटवणारं थ्रोम्बॉक्सेन दाबते. लक्षणं आल्यावर सुरू केली तर उपयोग नाही, कारण पाया तोवर रचून झालेला असतो. म्हणून बाराव्या आठवड्यात सुरुवात, फार तर सोळाव्याच्या आत. त्यानंतर आलेल्या बाईलाही मी अठ्ठाविसाव्यापर्यंत देते, पण अपेक्षा कमी ठेवून.

डोस 150 मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्रे’ चाचणीत हाच डोस रात्री दिला होता. धोका जास्त असलेल्या स्त्रियांत सदतीस आठवड्यांआधीच्या प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण शंभरात चारहून थोडं जास्त होतं, ते दीडच्या आसपास आलं, आणि ज्यांनी गोळ्या क्वचितच चुकवल्या त्यांना फायदा जास्त झाला. अमेरिकेत 81 मिलिग्रॅम देतात, कारण तिथे तीच गोळी मिळते. आपल्याकडे 75 आणि 150 दोन्ही मिळतात. 75 दिली असेल तर मनाने दोन करू नका, विचारा.

तुम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्याच चाचणीत आधीपासून बीपी असलेल्या स्त्रियांचा गट छोटा होता, आणि त्या गटात फायदा दिसला नाही. तरीही आधीचं बीपी असलेल्या प्रत्येकीला ॲस्पिरिन द्यावी असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात आणि मीही देते, कारण इतर चाचण्या एकत्र केल्या की फायदा दिसतो आणि धोका कमी आहे. पण ‘घेतली की तसं होत नाही’ हे खरं नाही. आधीपासून बीपी असलेल्या चार-पाच जणींपैकी एकीला प्रीएक्लॅम्प्सिया होतोच, ॲस्पिरिनने ती शक्यता कमी होते, शून्य होत नाही. मावसबहिणीचं झालं त्याने तुमचा धोका फारसा बदलत नाही, आई किंवा सख्ख्या बहिणीला झालं असतं तर बदलला असता. तुमचा धोका मुख्यतः तुमच्या स्वतःच्या बीपीतून येतो.

दम्यामुळे ॲस्पिरिनबद्दलही एक प्रश्न विचारायलाच हवा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतली एखादी दुखीची गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत दम लागला, नाक गच्च झालं असं कधी घडलंय? नाकात पॉलिप आहेत? काही दमेकऱ्यांना या गोळ्यांनी तीव्र झटका येतो. तसं असेल तर ॲस्पिरिन घ्यायची नाही, आणि आपण फक्त बीपी आणि बारीक लक्ष यांवर भर देऊ. आजवर आयब्युप्रोफेन घेऊन काही झालं नसेल तर कमी डोस बहुधा चालेल, पण हे उत्तर मला पहिल्याच भेटीत हवं. पोटात अल्सर असेल किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तरीही विचार बदलतो.

फार्मसीत इथेही गफलत होते. हृदयरोग्यांसाठी ॲस्पिरिनसोबत ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा क्लोपिडोग्रेल असलेल्या कॅप्सूल मिळतात आणि त्यांची नावं मिळतीजुळती असतात. तुमच्या स्ट्रिपमागे फक्त ॲस्पिरिन 150 असं हवं. डोकेदुखीची पाण्यात विरघळणारी मोठी ॲस्पिरिन ही ती नव्हे. आणि ‘गरोदर आहेस आणि हृदयाची गोळी कसली घेतेस’ असं काउंटरवर कुणी म्हणालं तर गोळी बंद करू नका, फोन करा.

रक्त पातळ होईल म्हणून घाबरतात. या डोसने बाळाला इजा होत असल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. काही पाहणींत बाळंतपणावेळी रक्तस्राव थोडा जास्त आढळला, म्हणून छत्तिसाव्या आठवड्यात थांबवतो. सिझेरियनसाठी पाठीत भूल द्यायला या डोसने अडचण येत नाही. मध्येच थोडं रक्त दिसलं तर लगेच दाखवायला या, गोळी थांबवायची की नाही ते तपासून ठरवू. एका बाबतीत मात्र मी स्वतःहून थांबवायला सांगते: पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप आला तर. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि त्यात ॲस्पिरिन नको. गोळी थांबवा, तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्या, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. डेंग्यू नसेल तर पुन्हा सुरू करायला विसरू नका. बीपीची गोळी तापातही सहसा चालू असते, पण उलट्या होऊन बीपी खाली आलं असेल तर विचारा.

चौथ्या-पाचव्या महिन्यात बीपी आपोआप उतरतं, हे बहुतेकींना होतं. तेव्हा घरी सतत 110/70 च्या खाली येऊ लागलं तर डोस कमी करू. ‘आजार गेला’ म्हणून गोळी टाकून दिलेल्या बायकांचं बीपी सातव्या महिन्यात पुन्हा चढतं आणि तेव्हा ते जुनं की नवं हे ओळखणं अवघड होतं. चौदाव्या आठवड्यापासून सरकारी आरोग्य केंद्रातही मिळतं ते कॅल्शियम 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घ्या, लोहाच्या गोळीसोबत मात्र नको, दोन तासांचं अंतर ठेवा.

निफेडिपिनमुळे एक गोंधळ होतो, तो आधीच समजून घ्या. या गोळीने घोटे सुजतात आणि सुरुवातीला डोकं दुखतं. प्रीएक्लॅम्प्सियातही सूज येते आणि डोकं दुखतं. गोळीचं डोकं डोस सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या आठवड्यात, गोळीनंतर काही तासांत दुखतं, तोंड लाल-गरम होतं, बीपी मात्र ठीक असतं. वीस आठवड्यांनंतर डोकं दुखलं, पॅरासिटामॉलने थांबलं नाही किंवा बीपी 140/90 च्या वर दिसलं, तर ते गोळीचं समजू नका. घोट्याची संध्याकाळी येणारी आणि झोपल्यावर उतरणारी सूज गोळीची असू शकते. चेहरा, हात एक-दोन दिवसांत सुजले, अंगठी घट्ट झाली, वजन आठवड्यात झपाट्याने वाढलं तर त्याच दिवशी या. डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं हेही तसंच. बीपी 160/110 दिसलं तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. पुन्हा तेवढंच आलं तर सकाळची वाट न बघता 108 बोलवा आणि बांबोळीचं गोमेकॉ गाठा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सोय तिथे आहे, वाटेतल्या छोट्या दवाखान्यात वेळ जाऊ देऊ नका.

बाळंतपण कुठे करायचं तेही आधीच ठरवा. बाळाच्या वाढीची सोनोग्राफी अठ्ठाविसाव्या, बत्तिसाव्या आणि छत्तिसाव्या आठवड्यात लागेल. सगळं नीट असेल तर सदतीस ते एकोणचाळीस आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण होईल, प्रीएक्लॅम्प्सिया झाला तर त्याआधी.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी सर्वात वर जातं. तेव्हा तुम्ही घरी, बहुधा माहेरी असाल, म्हणून यंत्र तिथे घेऊन जा आणि पहिले दहा दिवस रोज दोनदा मोजा. मिथाइलडोपा चालू असेल तर ती पहिल्या दोन दिवसांत बंद करून दुसरी देतात, मन खिन्न होण्याच्या भीतीने. अंगावर पाजताना निफेडिपिन चालते, एनालाप्रिलही चालते. टेल्मिसार्टनवर परत जायचं असेल तर तेव्हा बाळाचं पाजणं आणि पुढच्या मुलाचा विचार या दोन्हींबद्दल आधी बोलू.

पहिल्या भेटीला येताना सगळ्या स्ट्रिप, पंप, बीपीचं यंत्र आणि चार वर्षांपूर्वीचे कागद आणा. यंत्र आमच्या यंत्राशेजारी लावून तपासू, मगच गोळी बदलण्याचा दिवस ठरवू.